‘बघून सांगा’ म्हणजे नेमकं काय बघायचं?

*नमस्कार. मुलाला पुण्याच्या कंपनीचं ऑफर लेटर आलंय. फोटो पाठवतोय. बघून सांगा.*
*– एक वडील, सांगली*

नमस्कार. फोटो मोठा करून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. पण काय सांगायचं हे तुम्ही लिहिलेलं नाही. पत्रातल्या अटी समजावून हव्यात, पत्र खरं आहे की बनावट हे पाहून हवं, की कंपनीला पाठवायचं उत्तर लिहून हवं? तिन्ही कामांना वेगवेगळा कागद लागतो. अटी सांगायच्या तर सगळी पानं लागतात. खरं-खोटं ठरवायला पत्रापेक्षा ते कुठून आणि कसं आलं, हे कळावं लागतं. उत्तर लिहायचं तर मुलाचा विचार काय आहे हे माहीत हवं. फोटोत तीन पानांपैकी पहिलंच पान आहे, त्यामुळे यातलं काहीच पूर्ण नाही.

तरी पुढचं पत्र येईपर्यंत तुम्हाला थांबवून ठेवणं बरोबर नाही, कारण तुमच्याकडे वेळ कमी आहे. फोटोत शेवटून दुसऱ्या ओळीत तीन कामकाजी दिवसांत स्वीकृती कळवा, असं आहे. त्याच्या वरच्या परिच्छेदात, रुजू होताना आधीच्या मालकाचं रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, आणावं, असं आहे. काही कंपन्या हे वाक्य फ्रेशरच्या पत्रातही तसंच ठेवतात. पण चिरंजीव सध्या कुठे नोकरीत असतील, तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच: पत्राची खात्री होईपर्यंत तिथला राजीनामा देऊ नका. बनावट पत्रात पैसे गेले तर काही हजार जातात, हातची नोकरी गेली तर ती परत मिळत नाही. म्हणून आम्ही क्रम ठरवला तो असा: आधी खरं-खोटं, मग अटी, आणि उत्तर मात्र आजच, पण होकाराचं नव्हे.

खरं-खोटं बघताना बहुतेक जण शिक्का, सही आणि लोगो बघतात. त्यातून काही कळत नाही. लोगो कुणालाही उचलता येतो, आणि सहीचं चित्र चिकटवलेली पत्रं चांगल्या कंपन्याही पाठवतात. इंग्रजीच्या चुकाही पुरावा धरू नका. छोट्या कंपनीचं खरं पत्र चुकांनी भरलेलं असतं आणि ठगाचं पत्र मोठ्या कंपनीच्या नमुन्यावरून जसंच्या तसं उतरवलेलं असतं. एका शिक्क्याला मात्र अपवाद करा. खासगी कंपनीच्या पत्रावर अशोकस्तंभाची राजमुद्रा किंवा ‘कंपनी मंत्रालय मान्यताप्राप्त’ असा शिक्का दिसला, तर पुढे वाचायचीही गरज नाही. कुठलंही मंत्रालय खासगी नोकरीचं पत्र मंजूर करत नसतं. तुमच्या फोटोत तसं काही नाही.

फोटोत नाही ती गोष्ट जास्त बोलकी आहे. तुम्ही पानाची खालची पट्टी कापली आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला तिच्या लेटरहेडवर नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, फोन, ई-मेल आणि सीआयएन हा २१ अक्षरांचा क्रमांक छापणं कंपनी कायदा २०१३ प्रमाणे बंधनकारक आहे, आणि हा मजकूर बहुतेक वेळा पानाच्या तळाशीच असतो. क्रमांकाचा साचा असा असतो: `U#####MH2021PTC######`. पहिलं अक्षर `U` म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेली कंपनी, `L` म्हणजे नोंद असलेली. पुढचे पाच आकडे धंद्याचा प्रकार सांगतात, मग राज्याची दोन अक्षरं, मग कंपनी नोंदवल्याचं वर्ष, मग `PTC` म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड, आणि शेवटी सहा आकडी नोंदणी क्रमांक. हा क्रमांक `mca.gov.in` वर मास्टर डेटाच्या विभागात टाकला की कंपनीचं नाव, पत्ता आणि सध्याची स्थिती दिसते. स्थिती `Active` हवी. `Strike Off` असेल तर ती कंपनी सरकारी नोंदीतून काढून टाकलेली आहे. पत्र म्हणतं १९९६ पासून सेवेत आणि क्रमांकात वर्ष २०२३ दिसतं, तर विचारायला हवं. जुन्या भागीदारी फर्मची पुढे कंपनी झाली असेल तर असा फरक पडू शकतो, पण ते त्यांनी सांगू दे.

कंपनीचा जीएसटी क्रमांक पत्रावर असेल तर त्यातही एक खूण आहे, ती सहसा कुणी बघत नाही. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे `27`. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे धंद्याचा पॅन. पॅनमधलं चौथं अक्षर धारक कोण ते सांगतं, म्हणजे जीएसटी क्रमांकातलं सहावं. तिथे `C` असेल तर कंपनी, `F` असेल तर भागीदारी फर्म किंवा एलएलपी, `P` असेल तर एक व्यक्ती. तुमच्या पत्राच्या माथ्यावर नावापुढे प्रायव्हेट लिमिटेड लिहिलं आहे. तिथे सहावं अक्षर `P` निघालं, तर तो क्रमांक त्या कंपनीचा नाही. `gst.gov.in` वर करदाता शोधण्याच्या सोयीत तो टाकला की नाव लगेच दिसतं, लॉगिन लागत नाही.

आता यातली मर्यादा नीट लक्षात घ्या, कारण लोक नेमके इथेच फसतात. हे दोन्ही क्रमांक सार्वजनिक आहेत. ठग एखादी चालू, खरी कंपनी निवडतो आणि तिचेच क्रमांक, तिचाच पत्ता पत्रावर छापतो. त्यामुळे क्रमांक जुळला तर एवढंच सिद्ध होतं की अशी कंपनी आहे. पत्र तिनेच पाठवलं, हे सिद्ध होत नाही. क्रमांक जुळला नाही तर मात्र गडबड नक्की. पत्र तिनेच पाठवलं का, हे पत्राबाहेर शोधावं लागतं आणि त्याला चिरंजीवांची मदत लागेल.

त्यांना मूळ मेल उघडायला सांगा. फोनवर पाठवणाऱ्याचं नाव दिसतं, ते कुणीही काहीही ठेवू शकतो. नावावर बोट ठेवलं की खरा पत्ता उघडतो. त्यात `@` च्या पुढचा भाग वाचा. तो कंपनीच्या वेबसाइटच्या नावाशी अक्षरशः जुळायला हवा. मध्ये एक आडवी रेघ आणि पुढे `careers` किंवा `hr` जोडलेला पत्ता वरवर जवळचा वाटतो, पण तो वेगळा डोमेन असतो आणि कुणीही विकत घेऊ शकतो. `lookup.icann.org` वर तो डोमेन टाकला की तो कधी नोंदवला ते बहुतेक वेळा कळतं. वीस वर्षं जुनी म्हणवणारी कंपनी आणि दोन महिन्यांपूर्वी घेतलेला डोमेन, ही जोडी खरी असण्याची शक्यता फार कमी. काही कंपन्या भरतीचं काम बाहेरच्या एजन्सीला देतात, तेव्हा पत्ता वेगळा असू शकतो. पण मग कंपनीने ते फोनवर कबूल करायला हवं. पत्र मेलवर न येता फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर आलं असेल, तर आमचा संशय दुप्पट होतो.

मग फोन करा. पत्रावर छापलेल्या नंबरवर नाही. कंपनीची वेबसाइट स्वतः टाइप करून उघडा, तिथला ऑफिसचा नंबर घ्या, एचआरला जोडून द्या म्हणा आणि एकच प्रश्न विचारा: या नावाच्या उमेदवाराला, या पदासाठी, या तारखेचं पत्र तुम्ही दिलंय का? खरी कंपनी याचा राग मानत नाही. चिरंजीवांनी तिथे अर्ज केला होता का आणि मुलाखत कुणी, किती वेळ घेतली, हेही त्यांना विचारा. अर्जच केला नव्हता किंवा चॅटवर चार प्रश्न विचारून निवड झाली, तर फोन करण्याआधीच उत्तर मिळालं असं समजा.

रुजू होण्याआधी पैसे भरण्याचा उल्लेख पहिल्या पानावर नाही. पण सहाव्या कलमात ‘परिशिष्ट ब प्रमाणे औपचारिकता पूर्ण केल्यावर नेमणूक निश्चित होईल’ अशा अर्थाचं वाक्य आहे आणि परिशिष्ट फोटोत नाही. पैसे मागायचे असतील तर ते अशाच आडबाजूच्या वाक्यातून पुढे येतात: लॅपटॉपचं परत मिळणारं डिपॉझिट, ट्रेनिंग किट, वैद्यकीय तपासणी, गेटपास. रक्कम मुद्दाम छोटी असते, दीड-दोन हजार, म्हणजे माणूस एवढ्यासाठी नोकरी कशाला घालवा म्हणून भरून टाकतो. त्यानंतर पुढची मागणी येते. परिशिष्टात असं काही असेल तर अटींचा विचार तिथेच थांबवा. पैसे आधीच गेले असतील तर तासाभराचाही उशीर न करता १९३० या क्रमांकावर फोन करा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. रक्कम पुढच्या खात्यातून निघायच्या आत गोठवता आली तरच ती परत मिळायची आशा असते. आधार, पासबुक आणि कॅन्सल चेक रुजू होताना देतात. पत्राची खात्री होण्याआधी यातलं काही पाठवू नये, आणि ओटीपी तर कुणालाच नाही.

धरून चालू की पत्र खरं निघालं. मग अटी. वार्षिक सीटीसी, म्हणजे कंपनीचा मुलावरचा वर्षाचा एकूण खर्च, ३,६०,००० रुपये आहे. घरात याचा अर्थ महिना तीस हजार असा लावला गेला असेल, पण तेवढे हातात येणार नाहीत. फोड दुसऱ्या किंवा तिसऱ्या पानावर असेल. ती येईपर्यंत नेहमीच्या पद्धतीने हिशोब असा बसतो. मूळ पगार निम्मा, म्हणजे १५,००० धरला, तर कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्क्यांनी १,८०० होतो आणि तो सीटीसीतच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीपोटी मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, म्हणजे साधारण ७२० रुपये, तेही बहुतेक ठिकाणी त्यातच असतात, आणि ही रक्कम सहसा पाच वर्षं नोकरी झाल्यावरच मिळते. उरले २७,४८०. त्यातून मुलाचा स्वतःचा पीएफचा वाटा १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात २५,४८०. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो.

हे झालं व्हेरिएबल पे नसेल तर. सीटीसीतला दहा टक्के भाग कामगिरीवर असेल तर महिन्याचे आणखी ३,००० कमी होऊन हातात २२,४८० येतात, आणि ते छत्तीस हजार वर्षाअखेर पूर्ण मिळतील याची हमी नसते. आरोग्य विम्याचा हप्ता सीटीसीत घातला असेल तर आकडा अजून थोडा उतरतो. पीएफचे पैसे वाया जात नाहीत, ते मुलाच्याच नावावर जमा होतात. पण पुण्यात खोलीचं भाडं आणि मेस त्यातून देता येत नाही, म्हणून सध्या नोकरी असेल तर तिथला पगार आणि हा पगार यांची तुलना हातात येणाऱ्या रकमेवरच करा.

पहिल्या पानावरची सगळ्यात जड अट बाँडची आहे: १८ महिन्यांच्या आत सोडल्यास ७५,००० रुपये भरावे लागतील. याबद्दल दोन टोकाचे सल्ले ऐकायला मिळतात. कुणी म्हणतं असल्या बाँडला कोर्टात किंमत नसते, कुणी म्हणतं सही केली की अडकलात. दोन्ही चूक. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. कंपनीला त्याच्या आत वाजवी भरपाई मागता येते. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. तिथे सरकारी बँकेला नव्याने भरती करण्यासाठी येणारा खर्च आणि अधिकाऱ्याचं पद यांचा विचार झाला होता. अकाउंट्समधल्या ज्युनिअर पदाला तोच न्याय तसाच लागेल असं नाही, पण बाँड म्हणजे नुसता कागद, असं म्हणून सही करू नये.

विचारायचं ते असं. ट्रेनिंग कसलं, किती दिवसांचं? रक्कम महिन्यांप्रमाणे कमी होते का? होत असेल तर वर्षभर काम करून सोडल्यास १८ पैकी ६ महिने उरतात, म्हणजे २५,०००. होत नसेल तर सतराव्या महिन्यातही पूर्ण ७५,००० मागितले जातील. आणि कंपनीनेच काढलं तरी बाँड लागू आहे का? हे पत्रात स्पष्ट नाही, आणि ते नसणं मुलाच्या बाजूचं नाही. बाँडच्या बदल्यात मूळ प्रमाणपत्रं किंवा सही केलेला कोरा चेक मागितला तर देऊ नये. मूळ प्रमाणपत्रं दाखवायची, ठेवून यायची नाहीत.

प्रोबेशन सहा महिने आहे, ते ठीक. पण ‘कंपनीच्या निर्णयाने वाढवता येईल’ हे शब्द आहेत आणि किती, ते नाही. कायम केल्याचं लेखी पत्र मिळेपर्यंत प्रोबेशन चालूच धरलं जाईल, असा अर्थ कंपनी काढू शकते. नोटिशीतही तफावत दिसते: या काळात कंपनीने सात दिवस द्यायचे, मुलाने तीस. अशी तफावत बऱ्याच पत्रांत असते आणि बोलून ती कधीकधी सारखी करून मिळते, पण यावर हटून बसण्यापेक्षा बाँडवर जोर लावावा असं आमचं मत आहे.

उरलं उत्तर. मुदत सांभाळायची आणि होकारही द्यायचा नाही, असं उत्तर आजच पाठवता येतं. त्यातच वरचे प्रश्न घाला, म्हणजे कंपनी काय उत्तर देते यावरून पत्राचं खरेपणही थोडं कळेल. मेल चिरंजीवांच्या खात्यावरून जावा, तुमच्या नाही. वडिलांचा मेल एचआरला आवडत नाही. आलेल्या मेलला रिप्लाय करू नका, वेबसाइटवरून मिळालेल्या एचआरच्या पत्त्यावर नवा मेल पाठवा. पत्र इंग्रजीत आहे तर उत्तरही इंग्रजीत द्यावं. मराठीत मजकूर असा, त्याचं इंग्रजी करून पाठवा:

*विषय: ऑफर लेटर, पद व पत्राची तारीख*

*महोदय/महोदया, ज्युनिअर अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह या पदासाठीचं आपलं पत्र मिळालं, आभारी आहे. पदात मला रस आहे. स्वीकृती कळवण्याआधी पुढील गोष्टी कळाव्यात ही विनंती: १) पगाराची संपूर्ण फोड, व्हेरिएबल पे असल्यास त्यासह. २) परिशिष्ट ब मधील औपचारिकता कोणत्या व त्यासाठी उमेदवाराकडून काही रक्कम घेतली जाते का. ३) बाँडची रक्कम पूर्ण केलेल्या महिन्यांप्रमाणे कमी होते का आणि कंपनीने सेवा संपवल्यास बाँड लागू राहतो का. ४) प्रोबेशन जास्तीत जास्त किती वाढवलं जातं. आपलं उत्तर मिळाल्यापासून दोन कामकाजी दिवसांत मी निर्णय कळवेन. त्यानुसार स्वीकृतीची मुदत वाढवून द्यावी. सोबत आपल्या पत्राची प्रत जोडली आहे.*

शेवटचं वाक्य गाळू नका. पत्र कंपनीने दिलेलंच नसेल तर प्रत बघून एचआर लगेच तसं कळवेल. दुसऱ्या मुद्द्याचं उत्तरही नीट वाचा. खरी कंपनी ‘नाही’ एवढंच लिहिते. ‘डिपॉझिट पहिल्या पगाराबरोबर परत मिळेल’ असं आलं, किंवा उत्तराऐवजी आजच सही करा नाहीतर जागा जाईल असा फोन आला, तर सोडून द्या.

आम्हाला पुन्हा पाठवायचं असेल तर तिन्ही पानं पाठवा. कागद टेबलावर सपाट ठेवून, खिडकीच्या उजेडात, वरून सरळ फोटो घ्या. चारही कडा दिसल्या पाहिजेत. मेलचा स्क्रीनशॉटही हवा, पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता उघडून. मुलाचं नाव, घरचा पत्ता आणि फोन नंबर झाका, पण फोनमधल्या हायलायटरने नको, तो अर्धपारदर्शक असतो आणि उजेड वाढवला की खालची अक्षरं दिसतात. फोटो काढण्याआधीच त्या जागी कागदाची पट्टी ठेवा. आणि एक ओळ लिहा: मुलगा सध्या नोकरीत आहे का, आणि त्याला ही नोकरी मनापासून हवी आहे का. ती त्यालाच विचारून लिहा.